कंसातलं नाटक: रंगसूचना आणि स्तब्धता कशा वाचायच्या

नाटकाचं पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलेला वाचक बहुतेकदा कंस ओलांडून पुढे जातो. संवाद म्हणजे नाटक, आणि कंसात तिरप्या अक्षरात जे छापलंय ते नटांसाठी आणि दिग्दर्शकासाठी, असं त्याला वाटतं. ‘डावीकडून येतो’, ‘खुर्चीवर बसते’, ‘क्षणभर शांतता’ यात आपल्याला काय वाचायचंय? आमच्या नाट्यवाचनाच्या गटात सुरुवातीला हेच व्हायचं. प्रत्येकाला एकेक पात्र वाटून द्यायचो आणि रंगसूचना कुणाच्याच वाट्याला यायच्या नाहीत. एकदा विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ वाचायला घेतलं आणि तिसऱ्या अंकात गाडी अडली. जिच्याभोवती सगळं नाटक फिरतं त्या लीला बेणारेच्या भूमिकेसाठी बसलेली मुलगी पानामागून पान नुसती उलटत होती. तिला वाचायला ओळच नव्हती. शेवटी तिने विचारलं, “मी आहे ना अजून रंगमंचावर?”

ती होती. ती तिथे आहे आणि बोलत नाही, ही गोष्ट कंसांमधूनच कळते. त्या दिवसापासून रंगसूचना वाचायला आम्ही एक वेगळा माणूस बसवतो.

हे कसं वाचायचं ते याच एका नाटकावर दाखवते. १९६७ साली ‘रंगायन’ने हे नाटक रंगमंचावर आणलं. अरविंद देशपांडे दिग्दर्शक होते आणि बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. कथा थोडक्यात अशी. मुंबईची एक हौशी नाटक मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला येते. रात्रीच्या प्रयोगात खटला चालायचा आहे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांबद्दल. हाताशी मोकळा वेळ आहे, म्हणून गावातल्या सामंताला कोर्ट कसं चालतं ते समजावं यासाठी एक लुटुपुटुचा खटला खेळायचं ठरतं. आरोपी म्हणून निवड होते शिक्षिका असलेल्या बेणारेची. आरोप बालहत्येचा. खेळता खेळता खटला खऱ्या बेणारेवर येऊन पोचतो. ती गरोदर आहे, लग्न झालेलं नाही, आणि ज्याच्यामुळे हे झालं तो प्रा. दामले नाटकभर रंगमंचावर येतच नाही.

पुस्तक जवळ घ्या आणि एक पेन्सिल घ्या.

पहिलं काम: फक्त कंस वाचा

संवाद पूर्णपणे सोडून नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा फक्त रंगसूचनांमधून वाचा. तासाभराच्या आत होतं. हे करताना प्रत्येक सूचनेला एकच प्रश्न विचारायचा: ही काढून टाकली तर काय हरवेल?

बऱ्याच सूचनांचं उत्तर ‘काही नाही’ असं येईल. पुढच्याच वाक्यात पात्र दुसऱ्याशी बोलणार असेल तर ‘त्याच्याकडे वळून’ या सूचनेने नवं काही कळत नाही. अशा सूचना नटाच्या सोयीच्या आहेत, त्यांना बिनधास्त सोडून द्या. प्रत्येक कंसातून अर्थ पिळून काढायला निघालेला वाचक चार पानांत दमतो, आणि मग खरोखर महत्त्वाचा कंस आला की तोही त्याच उत्साहाने किंवा त्याच कंटाळ्याने वाचतो.

तीन प्रकारच्या सूचनांखाली मात्र रेघ ओढा. एक, जिथे कृती शब्दांशी जुळत नाही. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’मध्ये आहे. दोघे निघायचं ठरवतात आणि लगेच कंसात येतं की ते हलत नाहीत. तो कंस गाळला तर ते दोघे निघून गेले असं होईल, म्हणजे नाटक उलटंच होईल. दोन, जिथे नाटककाराने एखादी वस्तू रंगमंचावर ठेवली आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. तीन, जिथे कुणीतरी बोलायला हवं होतं आणि बोललं नाही.

आता ‘शांतता!’चं पहिलं पान उघडा.

दुसरं काम: खोलीची यादी करा

पडदा उघडतो तो रिकाम्या सभागृहावर. तेंडुलकर या खोलीचं वर्णन नावं घेऊन करतात. जुन्या लाकडी खुर्च्या आहेत, एक पेटी आहे, एक स्टूल आहे, राष्ट्रीय नेत्यांच्या जुनाट तसबिरी आहेत, देणगीदारांच्या नावांची पाटी आहे, गणपतीचं चित्र आहे आणि भिंतीवर एक बंद पडलेलं घड्याळ आहे. तालुक्याच्या गावातलं कुठलंही सार्वजनिक सभागृह असंच असतं, म्हणून आपण हे भराभर वाचून जातो. थांबा. या वस्तू एकाखाली एक लिहून काढा, आणि नाटक वाचताना प्रत्येकीपुढे लिहीत जा की तिला कुणी हात लावला का, तिचा उल्लेख झाला का, तिने काही केलं का.

स्टूल आणि खुर्च्या कामाला येतात, त्यांचंच कोर्ट होतं, तिथेच आरोपीचा पिंजरा आणि साक्षीदाराची जागा उभी राहते. पेटी, तसबिरी, पाटी यांच्यापुढचा रकाना बराचसा रिकामा राहतो. तो रिकामा राहू द्या. तसबिरींतले नेते सगळं पाहत बसले आहेत असं वाटणं साहजिक आहे आणि कदाचित योग्यही आहे, पण नाटक त्यांच्याकडे पुन्हा बोट दाखवत नसेल तर तो तुमचा कयास आहे. पेन्सिलीने समासात लिहा आणि प्रश्नचिन्ह टाका.

घड्याळाचं तसं नाही. बंद पडलेलं घड्याळ आता नुसतं नोंदवून ठेवा. शेवटाकडे एक माणूस सेकंद मोजून वेळ देणार आहे, तेव्हा त्याच्याकडे परत यायचं आहे.

तिसरं काम: एक वस्तू धरा आणि सोडू नका

खोलीतली एकच वस्तू निवडा आणि ती जिथे जिथे येते त्या पानांचे आकडे लिहा. मी इथे दाराची कडी घेते.

नाटकाच्या अगदी सुरुवातीला सामंत आणि बेणारे आत येतात. बेणारेचं बोट कडीत सापडलेलं असतं. ती ते तोंडात धरते, सामंत ओशाळतो, ती हसण्यावारी नेते. मग सामंत सांगतो की ही कडी फार वाईट आहे, नीट पूर्ण सरकवली नाही आणि दार लागलं तर माणूस आतच अडकून पडतो. संवादाच्या पातळीवर ही ओळख वाढवण्यासाठीची इकडची तिकडची गोष्ट आहे. दोन अनोळखी माणसं कशावरून तरी बोलतात, ती कडीवरून बोलतात.

पुढे खटला रंगात येतो, विनोद विखारी होऊ लागतो, आणि बेणारे आपली पिशवी आणि पर्स घेऊन दाराकडे जाते. दार उघडायला बघते. ते उघडत नाही. बाहेरून बंद झालंय.

ही नोंद आता पुरी झाली आणि तिच्यातून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. तिला कोंडणाऱ्या माणसांनी ते दार लावलेलं नाही. कुणी उठून कुलूप घातलं नाही, कुणी वाट अडवली नाही. एका खराब कडीमुळे ती आत राहिली, आणि आत राहिल्यावर माणसांनी संधी घेतली. दार उघडं असतं तर कदाचित ती गेली असती आणि सगळे म्हणाले असते, गंमत होती हो, रागावलीस काय. नाटकातली माणसं मुळात राक्षस आहेत की संधी मिळाल्यावर तशी झालेली साधी माणसं आहेत, या प्रश्नावर आमच्या गटात एक संध्याकाळ वाद झाला होता. खटल्यात न्यायाधीश झालेल्या काशीकरांचे संवाद काढून दोन्ही बाजूंनी बोलता येतं. दुसऱ्या बाजूचा माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा ही कडी आहे आणि ती जवळजवळ सगळी कंसात आहे.

पहिल्या पानावर सापडलेलं बोटही इथे आठवा. ज्या दाराने पुढे तिला जाऊ दिलं नाही, त्याच दाराने आत येतानाच तिला चिमटा काढला होता.

चौथं काम: प्रत्येक स्तब्धतेला चार प्रश्न

आता स्तब्धता. नवे वाचक इथे दोन टोकांची चूक करतात. एक तर ‘(शांतता.)’ हा शब्द मनात उच्चारून पुढे जातात, म्हणजे ती शांतता अर्धा सेकंदही टिकत नाही. नाहीतर प्रत्येक शांततेला ‘अर्थपूर्ण’, ‘बोलकी’, ‘गूढ’ म्हणून मोकळे होतात. बोलकी आहे तर काय बोलते ते सांगता आलं पाहिजे.

त्यासाठी वहीत चार रकाने करा. स्तब्धता कुणाच्या कुठल्या शब्दानंतर आली? नेमकं कोण गप्प आहे, एकजण की सगळे? ती किती लांब आहे? आणि ती कुणी, कशाने मोडली? चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त कामाचं निघतं. घरात नको तो विषय निघाला की कुणीतरी “चहा टाकू का?” म्हणतं. ते चहाचं वाक्य त्या शांततेबद्दल जितकं सांगतं तितकं ती शांतता स्वतः सांगत नाही.

पहिल्या अंकाचा शेवट घेऊन हे करू. बेणारे हातपाय धुवायला आतल्या खोलीत गेलेली असताना बाकीच्यांनी तिला आरोपी करायचं ठरवलेलं असतं. ती चिमणी-पोपटाचं बालगीत गुणगुणत बाहेर येते आणि तिला ‘अटक’ होते. काशीकर न्यायाधीशाच्या थाटात भारतीय दंड विधानाचं कलम ३०२ उच्चारतात, बालहत्येचा आरोप ठेवतात आणि गुन्हा कबूल आहे का विचारतात. इथे रंगसूचना सांगते की बेणारे सुन्न होते आणि वातावरण विलक्षण गंभीर होतं. अंक संपतो.

रकाने भरा. कुठल्या शब्दानंतर? बालहत्या. कोण गप्प? बेणारे, आणि तिच्याबरोबर सगळेच. किती लांब? इथे अंक पडतो, म्हणजे ही स्तब्धता मध्यंतरभर चालते. प्रेक्षक ती बरोबर घेऊन चहाला जातो. दुसरा अंक त्याच स्थितीतून पुढे सुरू होतो. कशाने मोडते? बेणारे सावरते आणि थट्टेच्या सुरात सांगते की मला झुरळसुद्धा मारता येत नाही, मूल कसं मारीन?

आता या नोंदीतून काय काढता येतं आणि काय येत नाही, ते वेगळं करायला हवं. बेणारेला त्या शब्दाने कुठेतरी लागलं, एवढं नक्की म्हणता येतं. का लागलं, हे या क्षणी सांगता येत नाही. तिने काही केलंय, असं तर मुळीच नाही. पुढचं कथानक माहीत असलेला वाचक इथेच घाईने ‘बघा, ती गरोदर आहे म्हणून दचकली’ असं लिहितो. ते शेवटी बरोबर ठरतं, पण त्यासाठी पुरावा पुढच्या दोन अंकांचा लागतो. या स्तब्धतेत तेवढं नाही.

दुसऱ्या रकान्याकडे मात्र फारसं कुणी लक्ष देत नाही आणि माझ्या मते खरा ऐवज तिथे आहे. वातावरण का गंभीर झालं? ही माणसं खेळत होती. खेळातला आरोप ऐकून बाकीच्यांनी हसायला हवं होतं. त्यांची निवड किती निरागस होती याबद्दल शंका घ्यायला पहिला आधार इथे मिळतो. पुढे मंडळीतले पोंक्षे, कर्णिक, रोकडे एकेक करून साक्ष देतात आणि प्रत्येकाला तिच्याबद्दल काही ना काही माहीत असल्याचं उघड होतं, तेव्हा मागे येऊन हा कंस पुन्हा वाचा. तो आता बेणारेपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त सांगायला लागतो.

पाचवं काम: न छापलेली स्तब्धता शोधा

कंसात ‘शांतता’ असं लिहिलं असेल तर ती दिसते. पण नाटकातल्या सगळ्यात मोठ्या स्तब्धता कित्येकदा कुठेच लिहिलेल्या नसतात. पात्र रंगमंचावर असतं आणि बोलत नाही, एवढंच असतं.

त्या शोधायची पद्धत सोपी आहे. एक पात्र निवडा आणि त्याच्या प्रत्येक संवादाला समासात टिंब द्या. मग पानं चाळा. बेणारेसाठी हे केलंत तर पहिल्या अंकात समास टिंबांनी भरून जातो. ती सगळ्यांत जास्त बोलते, गाते, दुसऱ्यांच्या नकला करते, टोमणे मारते. दुसऱ्या अंकात टिंबं विरळ होतात. तिसऱ्यात सौ. काशीकर तिला ओढत आरोपीच्या जागी उभं करतात, आणि त्यानंतर टिंबं जवळजवळ संपतात. प्रश्न विचारले जातात, पण समास कोरा. आमच्या गटातली ती मुलगी पानं उलटत होती ती हीच.

या कोऱ्या समासात काय घडतं ते बघा. वकील झालेले सुखात्मे विचारतात, ती बोलत नाही, आणि तिच्या न बोलण्याच्या जागी कोर्ट आपली उत्तरं भरत जातं. ती काही नाकारत नाही म्हणजे खरं असणार, असं तिथल्या सगळ्यांनी धरलेलं आहे. शांततेचा अर्थ लावायची सगळ्यात वाईट रीत तेंडुलकरांनी आपल्याला नाटकातच करून दाखवली आहे. वाचक म्हणून आपण ‘तिचं मौन म्हणजे कबुली’ असं लिहिलं तर आपण काशीकरांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसतो. तिच्या मौनाला इतर अर्थ शक्य आहेत: धक्का, थकवा, या माणसांशी बोलण्यात अर्थ नाही हे कळणं, हट्ट. यातला कुठला जास्त पटतो ते ठरवायला मागचे पुढचे कंस लागतात. ती कीटकनाशकाची बाटली तोंडाला लावायला जाते आणि कर्णिक ती उडवतो, ही कृती त्या मौनाच्या आत आहे. तिच्याशिवाय मौनाचा अर्थ लावायला गेलात तर तो अपुरा राहील.

जाता जाता दामल्यांसाठीही हेच करून पाहा. सगळ्या नाटकाचा समास कोरा. तो गप्प राहिला म्हणून त्याच्यावर खटला मात्र चालत नाही.

दहा सेकंद

सगळं एकत्र लावून पाहायचं तर ही जागा घ्या. शिक्षा सुनावण्याआधी काशीकर आरोपीला आपली बाजू मांडायला वेळ देतात. किती, तर दहा सेकंद. त्यानंतर रंगसूचना येते, आणि ती सावकाश वाचा. पार्श्वसंगीत, प्रकाश बदलतो, सगळं कोर्ट आहे त्या स्थितीत गोठतं, आणि इतका वेळ निश्चल असलेली बेणारे ताठ उभी राहते. मग येतं तिचं ते प्रसिद्ध लांबलचक स्वगत, ज्यातले उतारे पाठ करून किती तरी मुली अभिनय स्पर्धांना उभ्या राहिल्या असतील. ते संपतं तेव्हा पहिला प्रकाश परत येतो. ती पुन्हा निश्चल असते, बाकीचे आपापल्या जागी असतात, आणि काशीकर जाहीर करतात की वेळ संपली.

आमच्या गटात आम्ही एक प्रयोग केला. टेबलावर घड्याळ ठेवलं आणि एकाने स्वगत नेहमीच्या वेगाने वाचलं. कित्येक मिनिटं गेली. मग दुसऱ्या वेळी कुणीच काही वाचलं नाही, नुसते दहा सेकंद मोजले. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला, एकाने खुर्ची सरकवली, आणि दहा सेकंद झाले. मग मी विचारलं, काशीकरांनी यातलं काय ऐकलं?

हा प्रश्न स्वगताच्या शब्दांतून सुटत नाही, तो फक्त कंसांतून सुटतो. गोठलेली माणसं ऐकत नाहीत. प्रकाश बदलला आहे, म्हणजे घड्याळाचा वेळ थांबलेला आहे. प्रकाश परत येतो तेव्हा सगळं जिथल्या तिथे आहे आणि काशीकरांच्या हिशेबाने दहाच सेकंद झालेत. या तीन सूचना एकत्र ठेवल्या की माझा निष्कर्ष असा निघतो: कोर्टाच्या दृष्टीने बेणारे एक शब्दही बोललेली नाही. ते स्वगत प्रेक्षकाला मिळालं, नोंदीत मात्र आरोपी गप्पच राहिली. जी माणसं स्पर्धेत हे स्वगत समोरच्या कोर्टावर तुटून पडल्यासारखं म्हणतात ती शब्दांशी प्रामाणिक असतात, पण कंसांच्या विरुद्ध जातात.

याला विरोध होऊ शकतो आणि तो ऐकायला हवा. गटातल्या एकाचं म्हणणं होतं की ती ताठ उभी राहते ही शरीराची खरी कृती आहे, मनातल्या मनात बोलणाऱ्या बाईला उभं करायची गरज नव्हती. हा मुद्दा मला पूर्णपणे खोडता आलेला नाही. पण उभं राहणं आणि परत निश्चल होणं या दोन टोकांच्या मधलं सगळं बदललेल्या प्रकाशात आहे, हे माझं उत्तर. दोघेही कंसांकडेच बोट दाखवत होतो.

आणि आता भिंतीवरचं घड्याळ. पहिल्या पानावर बंद पडलेलं घड्याळ लावलेल्या खोलीत एक माणूस सेकंद मोजून न्याय देतो. यादीत घड्याळापुढचा रकाना इथे भरायला हरकत नाही.

कंस कुणाचा आहे ते तपासा

या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे. कंसातला शब्द नाटककाराचाच असेल असं नाही. काही छापील संहितांमध्ये पहिल्या प्रयोगाच्या तालमीत ठरलेल्या हालचाली उतरलेल्या असतात. शेक्सपिअरच्या आधुनिक आवृत्त्यांत पुष्कळ सूचना संपादकांनी घातलेल्या असतात, चांगल्या आवृत्तीत त्या चौकोनी कंसात दिसतात. पण १६२३ च्या जुन्या छापील प्रतीतच ‘कोरिओलेनस’मध्ये नायक आपल्या आईचा हात धरून गप्प राहतो अशी सूचना आहे. आईने रोमवर हल्ला करू नकोस म्हणून विनवलेलं असतं, आणि तिचं ऐकलं तर आपला जीव जाणार हे त्याला कळतं. ही ओळ नंतरच्या संपादकाने घातलेली नाही, त्या जुन्या छपाईतलीच आहे, म्हणून तिचं वजन जास्त. एखाद्या नाटककाराकडे कंस मुबलक असतील तर एकेका कंसाचं वजन कमी धरा, विरळ असतील तर जास्त.

अनुवादात वाचत असाल तर आणखी सावध राहा. मूळ भाषेतली ‘थांबून’ ही सूचना अनुवादात ‘शांतता’ होऊ शकते. पात्र बोलता बोलता थांबणं आणि सगळं दृश्यच थबकणं यांत फरक आहे. वाक्याच्या शेवटची टिंबंही नाहीशी होतात. तेंडुलकरांच्या संवादांत अर्धवट सोडलेली वाक्यं इतकी आहेत की ती टिंबं गेली तर निम्मी माणसं फारच आत्मविश्वासाने बोलायला लागतील. शक्य असेल तर मूळ मराठी संहिताच समोर ठेवा, आणि दोन आवृत्त्या मिळाल्या तर निदान महत्त्वाचे कंस ताडून पाहा.

प्रयोग आधी पाहिला असेल तर डोळ्यांपुढे तो येणारच. दिग्दर्शकाने केलेलं आणि छापलेलं यांची सरमिसळ होऊ देऊ नका. ‘मी पाहिलेल्या प्रयोगात’ आणि ‘संहितेत’ असे दोन वेगळे रकाने ठेवले की निभतं.

शेवटची रंगसूचना

शेवटी सरावासाठी एक जागा देते, तिचं उत्तर माझ्याकडे पक्कं नाही. शिक्षा होते: पोटातलं मूल नष्ट करायचं. मग दार उघडतं, गावातली माणसं प्रयोगासाठी येऊ लागतात, मंडळी एकदम नेहमीसारखी होतात आणि तयारीला आत जातात. बेणारे तशीच पडलेली. सामंत घुटमळतो. पहिल्या पानावर तो हातात एक हिरवा कापडी पोपट घेऊन आला होता, घरातल्या पोरासाठी आणलेला. तो पोपट तो लांबूनच तिच्यापुढे ठेवतो आणि निघून जातो. ती किंचित हलते, मग तेही सोडून देते. आणि कुठून तरी तिच्याच आवाजात ते चिमणी-पोपटाचं गाणं ऐकू येतं, ज्यात पोपट चिमणीला विचारतो की तुझे डोळे ओले का, आणि चिमणी सांगते की माझं घरटं कुणी नेलं.

पोपटासाठी वही उघडा, पानांचे आकडे लिहा. गाणं आधी ती स्वतः म्हणत होती, आता आवाज तिचा आहे पण म्हणणारी दिसत नाही. सगळ्या नाटकात तिच्यासाठी काही ठेवून जाणारा एकटा सामंत, आणि तोही साक्षीला उभा राहिलाच होता, कादंबरीतून वाचून का होईना. मग हे लांबून ठेवणं काय आहे? माया, अपराधीपणा, की जवळ जायची भीती? आमच्याकडे गेल्या वेळी रंगसूचना वाचणाऱ्या काकांनी ‘लांबूनच’ या शब्दावर आवाज इतका खाली आणला की पुढचं गाणं कुणी वाचायचं हे ठरेपर्यंत बराच वेळ गेला, आणि तो वेळ आम्ही वहीत चौथ्या रकान्यात लिहून ठेवला.